टिंब देता, मग जागा का देत नाही?

अमरावती-अकोल्याकडच्या मराठीवर एक आक्षेप ठरलेला असतो: तुम्ही मोबाइलवर हिंदीसारखा उभा दंड देऊन वाक्य संपवता. आक्षेपात तथ्य आहे. वऱ्हाड 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं, हिंदी इथल्या बाजारात आणि कारभारात मुरलेली आहे, आणि अनेकांच्या फोनवर कीबोर्डही हिंदीचाच असतो. पण म्हणून दंड परका ठरत नाही. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ग्रामगीता उघडा, ओवीच्या शेवटी दोन दंड आणि क्रमांक दिसतील. मराठी गद्यातला पूर्णविरामच उलट इंग्रजी छपाईच्या मागोमाग एकोणिसाव्या शतकात आला, आणि तो रुजवणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं. पद्याला दंड आणि गद्याला टिंब ही वाटणी आता पक्की आहे. ती पाळावी, बातमी आणि नोटीस टिंबानेच संपवावी, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

खरं नुकसान मात्र टिंबानंतर न सोडलेल्या जागेने होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

समजा, कोणी लिहिलं: ‘यंदा कापूस उशिरा आला.भारत सरकारने खरेदी लांबवली.’ माणूस हे बरोबर वाचतो. यंत्र वाचत नाही. यूनिकोडच्या नियमांनुसार दोन अक्षरांमध्ये जागा न सोडता टिंब आलं, तर तिथे शब्द तुटत नाही, म्हणून ‘आला.भारत’ हा अख्खा एक शब्द धरला जातो. त्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली की बहुधा दोन्ही शब्द एकदम निवडले जातात. शब्दवार शोधणाऱ्या यंत्रणेला त्यात ‘भारत’ सापडेलच असं नाही. ओळ मोडायची वेळ आली तर हा जोडशब्द मधून मोडत नाही, अख्खा खालच्या ओळीत जातो आणि वर उजवीकडे मोकळी पट्टी राहते. त्यात ‘.भारत’ हे 2014 पासून संकेतस्थळांच्या नावांचं खरंखुरं शेपूट आहे. त्यामुळे एखादं ॲप या दोन शब्दांची निळी लिंक करून टाकू शकतं, आणि कापसाची बातमी वाचणारा नसलेल्या पत्त्यावर बोट ठेवतो.

दंडाचं असं होत नाही. ‘आला।भारत’ लिहिलं तरी शब्द दंडापाशी सुटतात आणि ओळही दंडानंतर मोडू शकते, कारण नियमांत दंडाला थांबण्याखेरीज दुसरं काम नाही. टिंबाला कामं पुष्कळ: ‘3.5 क्विंटल’मध्ये दशांश, ‘जि.प.’मध्ये संक्षेप, पत्त्यात दुवा. अकोल्याच्या ‘डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ’ या नावात तर वाक्य संपलेलंच नसतं. वाक्य कुठे संपलं याचा अंदाज अनेक यंत्रणा टिंबापुढच्या जागेवरूनच बांधतात. दंडाची सवय सोडून टिंबाकडे आलेल्या माणसाने म्हणूनच ही जागा जास्त जपायला हवी.

याच्या उलटी सवय चिन्हाआधी जागा सोडायची. ‘लग्नाला येणार का ?’ जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा प्रश्नचिन्हाआधी बारीक फट ठेवत असे, आणि ती शिशात घट्ट बसलेली असे. कीबोर्डची जागा तशी बसत नाही. फोनच्या अरुंद पडद्यावर काही ॲपमध्ये ओळ नेमकी तिथे मोडू शकते आणि प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. सरकारी पत्रातल्या ‘विषय :-’चंही हेच होऊ शकतं. त्या जागी विसर्ग टाकून ‘विषयः’ लिहिणं हा उपाय नव्हे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण विसर्ग हा अक्षराचा भाग आहे. कोलन देऊन लिहिलेलं ‘दु:ख’ आणि विसर्गाचं ‘दुःख’ शोधताना म्हणूनच बहुतेक वेळा वेगवेगळे निघतात.

अवतरणचिन्हांची गडबडही जागेतूनच होते. थेट बोलणं दुहेरी चिन्हात आणि शब्द किंवा नाव एकेरी चिन्हात, ही रीत बहुतेकांना ठाऊक असते. मजकूर लिहिण्याची सॉफ्टवेअरं मात्र आधीचं अक्षर पाहून चिन्हाची दिशा ठरवतात. आधी जागा असेल तर उघडणारं, अक्षर असेल तर मिटणारं. म्हणून बोलण्याच्या दोन्ही टोकांना आतून जागा सोडली, की शेवटचं चिन्हही उघडणारंच पडतं: “ उद्या या “ असं. चिन्ह शब्दाला टेकलेलं हवं, जागा त्याच्या बाहेर.

जुना मजकूर दुरुस्त करायला बसलात, तर टिंब आणि प्रश्नचिन्हाआधीच्या जागा एका फटक्यात ‘शोधा आणि बदला’ने काढता येतात, फक्त ‘वजन .5 किलो’सारखं काही असेल तर तेवढं आधी बघून घ्यावं. टिंबानंतर जागा घालताना मात्र सरसकट बदल करू नये. ‘3.5’चं ‘3. 5’ होईल आणि भाव चुकेल. प्रत्येक टिंबापाशी थांबून, तिथे वाक्य संपतं का एवढं पाहून, जागा हातानेच द्यावी.