हुकमावरून

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे नऊ दिवस. या दिवसांत नागपूरकराला उन्हाचा आकडा विचारला तर तो दोन अंश वाढवून सांगतो. यात खोटेपणा नसतो, चंद्रपूरचं दुःख असतं. आम्ही इथे ४५ अंशांत भाजून निघावं आणि संध्याकाळच्या बातम्यांत नाव मात्र चंद्रपूरचं किंवा ब्रह्मपुरीचं यावं, हे कुठवर सोसायचं?

त्यामुळे ३० मे २०२४ च्या गुरुवारी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा शहरात घबराट कमी आणि समाधान जास्त पसरलं. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरनं ५२.९ दाखवून देशभर भाव खाल्ला होता. एका दिवसात आपण राजधानीला मागे टाकलं होतं.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज रात्री इंटरनेटवर चार ओळी लिहितात. मनपाचे खड्डे, सावजीचा मसाला, जावयांचं वागणं असे विषय. वाचक म्हणजे ताई, मी आणि रस्ता चुकून आलेले दोघे-तिघे. त्या रात्री जेवण झाल्यावर कूलरसमोर पाय सोडून त्यांनी लिहिलं:

"नागपूर ५६! अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा १९१३ चा जागतिक विक्रम ५६.७. फक्त शून्य पूर्णांक सात बाकी. उद्या विक्रम मोडणार. तरी उद्या दुपारी १२ ते ५ कोणीही घराबाहेर पडू नये. पडल्यास कारवाई होईल. हुकमावरून."

आणि खाली, एक ओळ सोडून: "सौ., स्वयंपाकघर विभाग."

सगळा विनोद त्या शेवटच्या ओळीत होता. पण कुणीतरी या मजकुराचा स्क्रीनशॉट काढला आणि मोबाइलच्या पडद्यावर जेवढं मावलं तेवढंच त्यात आलं. स्वयंपाकघर विभाग पडद्याखाली राहिला. वर भाऊजींचं नाव होतं, तेही कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून कापून टाकलं. उरला तो निखळ सरकारी आदेश.

इथे एक तांत्रिक गंमत आहे. व्हॉट्सॲपवर एखादा निरोप फार वेळा पुढे ढकलला गेला की त्यावर दुहेरी बाण उमटतो आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण त्याचाच स्क्रीनशॉट काढून पाठवला की तो नवा कोरा निरोप ठरतो. ना बाण, ना बंधन, ना मूळ लेखक. शिवाय मूळ मजकूर लेखकानं पुसला तरी चित्राला त्याचा पत्ता नसतो. भाऊजी तिकडे कूलरच्या गारव्यात घोरत होते आणि त्यांचा हुकूम इकडे महालमार्गे कामठीला पोचून, तिथून पुण्याच्या आत्याबाईंकडे निघाला होता.

सकाळी सहाला दूधवाला फाटकातूनच ओरडला, "काकाजी, उद्या येऊ का नको? बंदी हाय म्हनते!"

ताईनं ते चित्र वाचलं, शेवटी आपलं खातं गळालेलं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी वर्षं हुकूम सोडून राहिली, आज पहिल्यांदा कोणी ऐकलं. तर त्यातून माझंच नाव कापलं!"

त्यात इमारतीच्या ग्रुपचे ॲडमिन घामाघूम होऊन आले. हे चित्र त्यांच्या ग्रुपवर आलं होतं आणि पोलीस आधी ॲडमिनला उचलतात असं त्यांना कुठूनतरी (अर्थात दुसऱ्या ग्रुपवरून) कळलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पन्हं दिलं आणि सांगितलं की उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा मिळून तसा बेत असल्याखेरीज, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनच्या हाती काय, तर माणसं घेणं आणि काढणं. ॲडमिन शांत झाले. "म्हणजे लिहिणारा जबाबदार?" त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

दुपारपर्यंत हवामान खात्याचा खुलासा आला. शहरातल्या दोन स्वयंचलित केंद्रांनी, रामदासपेठेतल्या आणि सोनेगावच्या, ५६ आणि ५४ असे आकडे दाखवले होते. पण खापरीचं कापूस संशोधन केंद्र आणि रामटेक इथली यंत्रं ४४ च्या आसपास होती. चूक ओळखायला हे एवढं पुरतं. ऊन काही रामदासपेठेचा पत्ता विचारत येत नाही. काही मैलांवर १२ अंशांचा फरक दिसला तर ऊन नव्हे, यंत्र तापलंय असं समजावं. मुंगेशपूरचंही पुढे तेच निघालं, तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता.

भाऊजी जात्याच हिशेबी. ते आता या विषयाच्या मागेच लागले. वेधशाळेत पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, आत सावली, पण वारा खेळता. त्यातल्या कमाल तापमापीच्या नळीला ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखी अरुंद मान असते, त्यामुळे चढलेला पारा परत उतरत नाही. माणूस जातो, वाकतो, वाचतो, वहीत लिहितो. ५६ दिसलं तर तो वहीत लिहिण्याआधी डोळे तरी चोळतो. स्वयंचलित केंद्रात हा डोळे चोळणारा माणूसच नसतो. सेन्सर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो आणि तो थेट सगळ्यांसमोर जातो.

"म्हणजे तुमच्यासारखंच," ताई म्हणाली.

संध्याकाळी भाऊजींनी सविस्तर खुलासा लिहिला. पेटी, पारा, खापरी, रामटेक, सगळं. देशाचा मान्य विक्रम अजून राजस्थानातल्या फलोदीचाच, १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा, हेही घातलं. कष्टानं लिहिलेला, एकही चूक नसलेला मजकूर. तो ताईनं वाचला, मी वाचला. वकीलसाहेबांनी अंगठा दाखवला. त्याचा स्क्रीनशॉट काढावा असं कुणालाही वाटलं नाही, कारण ४४ अंश कुणाला कळवायचे? ते तर प्रत्येकाच्या गच्चीवर होतेच. पुण्याच्या आत्याबाईंनी मात्र त्याच रात्री भाऊजींना त्यांचाच हुकूम पाठवला. खाली लिहिलं होतं, "जपा हो, तुम्हाला बाहेर हिंडायची फार सवय." भाऊजींनी उत्तरात हात जोडले.

एव्हाना आपण गप्प बसलो तर प्रकरण निवेल असं त्यांना वाटू लागलं होतं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न, हळद दुपारी, मंडप पडलेला, आचारी सांगितलेला. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"भाऊजी, तुमची ओळख हाय ना जी कलेक्टर हापिसात? बँकेत होते तुम्ही. उद्यापुरती ढील मिळवून द्या ना बाप्पा."

"कोणी अडवत नाही हो, करा हळद," भाऊजी म्हणाले.

"असं कसं करू? हुकूम हाय. लेखी लागन."

भाऊजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई पदराला हात पुसत बाहेर आली, मोबाइल हातात घेऊन हुकूम पूर्ण वाचला आणि विचारलं, "पाहुणे किती येतील?"

"तीनशे."

"मग दुपारी पन्हं ठेवा, मंडपाला वाळ्याच्या ताट्या लावा आणि हळद अकराच्या आत उरका. कागद आणा, देते लिहून."

गृहस्थांनी कागद आणला, आणि तो लिहून होईपर्यंत तिच्यासमोर उभेच राहिले.