येतोच

शंकर (बेला): दिग्या, ऐतवारी दहा वाजता ये. वांग्याचं भरीत अन् भाकर.

दिगांबर (पांढरकवडा): येतोच.

दिगांबर, ऐतवारी ९:५०: थ्रेशर आत्ता आलं गा. आज सोडलं तर आठ दिवस भेटत नाही. सोयाबीन काढून घेतो. पुढच्या ऐतवारी पक्कं.

शंकर: भरीत झालं होतं. म्हाताऱ्यानं तुह्या नावानं दोनदा खाल्लं. पुढच्या ऐतवारी कापसाची वेचणी हाय. बुधवारी मीच येतो.

शंकर, मंगळवारी रात्री: अरे, पोरानं ‘कपास किसान’वर माहा स्लॉट काढला. नेमका उद्याचाच. सीसीआयले ‘दोस्ताकडं चाललो’ म्हणून सांगता येत नाही.

दिगांबर, बुधवारी रात्री: लग्नाची तारीखही अशी कोणी पाळत नाही. काय झालं मंग?

शंकर: गाडी परत आणली. मशीन लावलं, ओल १४ निघाली. १२च्या वर घेतच नाही. रातच्यानं दव पडलं होतं. आता अंगणभर कापूस वाळत घातला, बसाले जागा नाही. आठ दिवस येऊ नको.

दिगांबर: मी कुठं येत होतो? बरं, जैनथच्या जत्रेत भेटू.

दिगांबर, जत्रेच्या दिवशी: मोटार जळाली. हरभरा तहानला.

शंकर: माहा आज दुसरा स्लॉट लागला. ओल ११. आठवर पूर्ण भाव, पुढं एका टक्क्यामागं एक टक्का कापतात. ८,११०चे ७,८६७ झाले. गाडी खाली व्हाले रात झाली.

दिगांबर: आज? आदिलाबादले?

शंकर: हो. सकाळपासून मार्केटातच.

दिगांबर: मीही तिथंच होतो बे. मोटारीचं वाइंडिंग कराले. गेटासमोर चहा पेलो.

शंकर: गेटासमोर? निळ्या छपरीत?

दिगांबर: हो.

शंकर: त्याच छपरीत मी दोनदा पेलो. अन् फोन काहून नाही केला?

दिगांबर: म्हटलं, तू जत्रेत असशील. कायले त्रास द्यायचा?

शंकर: म्हणजे मोटारीचं खरं होतं.

दिगांबर: माहं कारण नेहमीच खरं असते. हाच तर घोटाळा हाय. पुढच्या ऐतवारी?

शंकर: बायको माहेराले चालली. तेलंगणात तिले बस फुकट, म्हणून महिन्यात तीनदा जाते. भरीत कोण भाजन?

दिगांबर: मंग अशी गोष्ट. महाराष्ट्रात ७५ झाले का म्हाताऱ्याले एसटी फुकट. मी ६८चा. सात वर्षानं येतोच.

शंकर: फुकट फक्त सीमेपर्यंत. पैनगंगेच्या अल्याडचं तिकीट लागन.

दिगांबर: मंग तू पुलावर ये.

शंकर: तारीख सांग. त्या दिवशी माहा स्लॉट नक्की लागते.