हजेरी भरपूर, श्रोते किती?

महाविद्यालयाचं राष्ट्रीय चर्चासत्र पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही, हे ठरवायला अहवाल टेबलावर येतो. समजा, उपस्थिती २१२. आता हा आकडा जरा सोला. सही सकाळी एकदाच, त्याबदल्यात पिशवी आणि जेवणाचं कूपन. त्यात स्वयंसेवक ३०, तास सोडून सभागृहात आणून बसवलेली मुलं ९०, घरचेच प्राध्यापक ४०. बाहेरचे उरले ५२. त्यांतले ३८ आपला निबंध वाचून एसटी गाठणारे. निव्वळ ऐकायला आले १४!

अभिप्राय मात्र सगळे ‘उत्कृष्ट’, कारण तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र हाती पडत नाही. समारोपाचा फोटो पहिल्या तीन रांगांचाच.

खरं तर दोनच गोष्टी पाहायच्या : जेवणानंतर, दुपारी तीनला खुर्च्यांत किती जण होते आणि गेल्या वर्षीच्या पाहुण्यांपैकी स्वखर्चाने पुन्हा कोण आलं. त्यासाठी अहवालात रकानाच नाही. नॅकच्या फाइलीत रकाना आहे तो चर्चासत्रांच्या संख्येचा. सबब, ठराव एकमताने मंजूर : पुढच्या वर्षी दोन चर्चासत्रं.