आल्हाददायक वडापाव

चौथीच्या निबंधाच्या वह्या तपासताना मला कळलं, की यंदाच्या पावसाने सृष्टीत 'नवचैतन्य' निर्माण केलं आहे. एकदम अकरा वह्यांत. पाऊस मात्र त्यातल्या निम्म्या वह्यांत 'पाउस' असा पडलाय.

घरचं पितळ इथेच उघडं पडतं. 'चैतन्य' बिनचूक आणि रोजचा पाऊस ऱ्हस्व! अवघड शब्द समोर बघून उतरवलेला असतो, सोपा मनाने लिहिलेला. दुसरी खूण 'आल्हादायक'. उतरवताना नजर एका 'द'वरून दुसऱ्यावर घसरली आणि एक 'द' वाहून गेला. तिसरी खूण सगळ्यात बोलकी. निबंधात जलधारा आहेत, पण ओले मोजे कुठेच नाहीत.

तरी खूण म्हणजे पुरावा नव्हे. "कोणी लिहून दिलं?" असं विचारलं की पोर "मीच" म्हणतं आणि आपण त्याला खोटं बोलायला शिकवतो. "अर्थ सांग" हेही नको. 'गार' या शब्दाची व्याख्या आधी तुम्ही करून बघा!

मी मधल्या सुट्टीत त्या अकरा जणांतल्या एकाला जवळ बोलावलं. "काय रे, दप्तर आल्हाददायक असतं का?"

"नाही बाई."

"आणि उन्हातून आल्यावर माठातलं पाणी?"

"हो."

"आणखी काय?"

"वडापाव!"

शब्द चुकीच्या जागी बसला, पण पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा झाला. वडापाव चविष्ट, वारा आल्हाददायक, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहीत नवं वाक्य आलं: 'एसटीच्या खिडकीत बसलं की आल्हाददायक वाटतं.' याला म्हणतात निबंध.

मग 'नवचैतन्य'वाल्या एका मुलीला विचारलं, "हे तुझ्या पहिलीतल्या भावाला कसं सांगशील?" ती म्हणाली, "उन्हाळ्यात सगळं मरगळलेलं असतं ना, ते परत ताजंतवानं होतं." शब्द कुठला? आजीबरोबर कीर्तनाला जाते, तिथला. मी मुकाट्याने माझा संशय खोडला.

उरलेल्या नऊ जणांसाठी फळ्यावर त्यांचंच वाक्य लिहिलं आणि अवघड शब्दाच्या जागी रेघ मारली. तिथे आपला शब्द भरायचा. 'मजा', 'हिरवळ', 'चिखल' अशी उत्तरं आली. 'चिखल' भरणाऱ्याने पावसाळा खरोखर पाहिलाय. 'नवचैतन्य' पुन्हा भरणारे दोघं निघाले. त्यांना मी पुढचं वाक्य तोंडी सांगायला लावलं, तेव्हा एकजण छताकडे बघायला लागला.

त्याच्या वहीत मी लाल शेरा मारला नाही. 'तुमच्याकडे पाऊस आला की घरात काय काय होतं?' एवढाच प्रश्न लिहिला. उत्तर त्याने लिहायचं आहे. आई-बाबांना गुण हवे असतील तर त्यांनी स्वतंत्र वही घालावी. तपासून देईन.