हळहळ, पण हिशेबाची

क्राकुफमधल्या माझ्या घरमालकीणबाईंच्या तोंडी दिवसातून अनेकदा येणारा शब्द म्हणजे 'श्कोदा'. पोलिश भाषेत त्याचा मूळ अर्थ नुकसान. विमा कंपनीच्या कागदावर 'श्कोदा' म्हणजे ठोकलेल्या गाडीचा खर्च. (हो, त्या मोटारीचं नावही तेच, पण ते एका उद्योगपतीचं आडनाव आहे. विमावाल्यांनी ठेवलेलं नाही.) घरात मात्र तोच शब्द 'अरेरे' होतो, आणि तो कधी काढायचा याचे नियम पक्के आहेत.

पहिला नियम: चूक आपली असेल तर श्कोदा म्हणायचं नाही. दुसऱ्याचा कप फोडून श्कोदा म्हणालात, तर कप स्वतःहून निवर्तला असा अर्थ होतो. तिथे 'प्शेप्राशाम', म्हणजे माफी. कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर 'प्शिक्रो मी', म्हणजे वाईट वाटतं. तिथे त्या घरच्यांना नुसतं श्कोदा म्हणणं फार हलकं. तेच बाई जिन्यात शेजारणीशी गेलेल्याविषयी 'श्कोदा चुओव्येका' म्हणतात, म्हणजे चांगला माणूस गेला हो. हे मात्र शोभतं.

यात 'मी' जोडला की रंग बदलतो. हा 'मी' आपला नव्हे, त्याचा अर्थ 'मला'. 'श्कोदा मी गो' म्हणजे मला त्याची कीव येते. पण 'श्कोदा मी प्येन्येंद्झी' म्हणजे पैसे खर्चायला माझा जीव होत नाही. दया आणि चिक्कूपणा एकाच वाक्यरचनेत सुखाने नांदतात. कोणत्या वेळी कोणतं, हे बाईंच्या हातातल्या पाकिटावरून ओळखायचं.

खरा कळस नाताळानंतर. बटाटा, गाजर, मटार, अंडी, लोणच्यातली काकडी यांचे बारीक तुकडे करून मेयोनेजमध्ये कालवलेलं सॅलड बाई पातेलंभर करतात. पाहुणे जातात, पातेलं उरतं. 'श्कोदा विझुचिच', टाकायला जीव होत नाही. मग सकाळी सॅलड, दुपारी सॅलड, रात्री पावावर सॅलड. शिळे पाव वाळवून, किसून त्यांचा चुरा बरणीत जातो, कारण श्कोदा. रेशमी टेबलक्लॉथ मात्र कपाटातच. वापरला तर खराब होईल, म्हणून श्कोदा. म्हणजे टाकायलाही श्कोदा आणि वापरायलाही श्कोदा.

एकदा मी सहज विचारलं, "कशा आहात?" त्यावर उत्तर आलं, "श्कोदा गादाच." बोलण्यात अर्थ नाही. मग पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या.

तुम्हाला पोलंडमध्ये कुणी जेवायला बोलावलं आणि जमणार नसेल, तर कारणं लांबवू नका. "श्कोदा, पण येता येत नाही," एवढं पुरे. नाताळानंतरच्या आठवड्यात बोलावलं असेल, तर हे वाक्य पाठच करून ठेवा.