मामा, तू डॉक्टर नाहीस

मुलाच्या पायात काही रुतलं की घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "राहू दे, आपोआप वर येईल." दुसरा म्हणतो, "आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर थेट हृदयापर्यंत जातं." टाचेत शिरलेलं लाकडाचं कुसळ हृदयाचा पत्ता विचारत निघत नाही. ते बहुतेक वेळा जिथे शिरलं तिथेच बसतं आणि तिथेच त्रास देतं. पण हे सांगायला त्या क्षणी कुणी जागा देत नाही, कारण सगळे एकाच वेळी बोलत असतात आणि मूल त्या सगळ्यांच्या वरच्या पट्टीत रडत असतं.

आमच्याकडे हा प्रसंग मे महिन्यात घडला आणि त्याचं मूळ आंब्यात होतं. देवगडहून पेटी आली. आंबे चार दिवसांत संपले, पण पेटी राहिली. आमच्या बाबांच्या तत्त्वज्ञानात फेकून देण्याजोगी वस्तू जगात नाही. पेटीच्या फळ्या सुट्या करून, खिळे ठोकून सरळ करून, त्यांनी गॅलरीत रचून ठेवल्या होत्या. त्यांचं एक स्टूल होणार होतं. त्या फळ्यांना रंधा बघायलाही मिळालेला नसतो, सगळीकडून कुसळं उभी असतात. सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीने, सईने, त्याच फळ्या मांडून गॅलरीत पूल बांधला आणि तो अनवाणी पायांनी ओलांडला. सई सहा वर्षांची आहे. पूल ओलांडून झाला आणि ती ओरडली.

टाचेच्या कडेला, कातडीच्या खाली, तिरकी काळपट रेघ दिसत होती, साधारण सेंटीमीटरभर. एक टोक कातडीच्या पातळीला टेकलेलं, दुसरं आत कुठेतरी दिसेनासं झालेलं.

मग उपाय येऊ लागले. आई म्हणाली, बिब्ब्याचा चटका दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, रुईचा चीक लावा, काटा स्वतःहून तोंड बाहेर काढतो. असं म्हणत त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्यापुढे धरली. त्या पिनेने सकाळपासून पदर, पडदा आणि दुधाची पिशवी अशी तीन खाती सांभाळली होती. बाबा दाढीचं पातं शोधायला गेले. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि रुईचा चीक मुलाच्या हाताला लागून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणजे एका कुसळासाठी दोन दुखणी विकत घ्यायची. मी सभा बरखास्त केली. ताई म्हणाली, "तूच काढ, तुझा हात स्थिर आहे." हा अपप्रचार होता, पण नाकारायला वेळ नव्हता.

पहिलं काम पाण्याचं, आणि तिथेच आईशी वाद झाला. तिला गरम पाण्याची बादली हवी होती, त्यात पाय अर्धा तास बुडवून ठेवायचा. काचेचा तुकडा असता तर फारसं बिघडलं नसतं. लाकूड मात्र पाणी पितं, भिजवलेल्या पोह्यांसारखं फुगतं, मऊ पडतं, आणि चिमट्यात धरलं की कुस्करून आतच मोडतं. म्हणून पाय साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचा आणि लगेच कोरडा पुसायचा. आपले हातही तसेच.

चिमटा आला ताईच्या पर्समधून. भुवयांच्या कामाचा, तिरप्या टोकाचा. या कामाला तोच सगळ्यात चांगला. दोन्ही टोकं नीट जुळतात का हे उजेडात धरून बघितलं, कारण मध्ये फट राहणाऱ्या चिमट्यातून कुसळ निसटतं आणि मुलाचा आपल्यावरचा विश्वासही. आधी साबणाने घासला, मग कापसाला स्पिरिट लावून टोकं पुसली, सोबत एक शिवणाची सुईसुद्धा. नंतर दोन्ही हवेत धरून सुकू दिली. ओलं स्पिरिट जखमेला झोंबतं, आणि ज्या मुलाला पहिल्याच स्पर्शाला झोंबलं ते पुढचे स्पर्श होऊ देत नाही. बाबांनी गॅस पेटवून चिमटा ज्योतीत धरायचं सुचवलं होतं. त्याने टोकांना काजळी धरते आणि तीच जखमेत जाते. उकळत्या पाण्यात टाकून ठेवला असता तरी चाललं असतं.

सईला पलंगावर पालथं झोपवलं, पाय उशीवर, टाच पलंगाच्या कडेला. समोर कार्टून. या मांडणीत मुलाला आपले हात दिसत नाहीत आणि आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही, दोन्ही पक्षांची सोय होते. रुमालात बर्फाचा खडा गुंडाळून दोन-तीन मिनिटं टाचेवर फिरवला. मोबाइलचा टॉर्च डोक्यावरून मारला तर काहीच दिसेना. टेबललॅम्प खाली, बाजूला आणला, तेव्हा तिरप्या उजेडात कातडीचा बारीक उंचवटा आणि त्याच्या टोकाशी छिद्र दिसलं. मी बाबांचा वाचायचा चष्मा लावला.

"मामा, तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग डॉक्टर का नाही बोलवत?"

प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितलं, की मी फक्त जे दिसतंय तेवढंच काढणार आणि तिने 'थांब' म्हटलं की थांबणार. तिने लगेच 'थांब' म्हणून बघितलं. मी थांबलो. मग ती कार्टूनकडे वळली.

टाचेची वरची कातडी जाड आणि निर्जीव असते, म्हणून सुईने तिथे थोडं उकललं तर दुखत नाही. सुई कुसळाच्या रेघेला समांतर, वरच्यावर धरली, छिद्रापासून दोनेक मिलिमीटर कातडी उचकली, आणि टोक उघडं पडलं. ते चिमट्यात शक्य तितकं कातडीजवळ धरलं. लांब धरलं तर ते मोडतं. मग ज्या कोनातून आत गेलं होतं त्याच कोनातून, म्हणजे तिरकं, सावकाश ओढलं. सरळ वर ओढायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण हातात चिमटा आला की माणूस विहिरीतून घागर काढायला निघतो. पिळायचंही नाही. पिळल्याने कुसळ बाहेर येण्याऐवजी तुटतं किंवा आणखी आत सरकतं.

ते बाहेर आलं. घरात टाळ्या वाजल्या. काकूंनी पिन परत बांगडीत अडकवली.

बहुतेक घरं या टप्प्यावर चहा टाकतात. पण निघालेला तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचा असतो. शिरताना कुसळाचं टोकदार अंग पुढे असतं, म्हणून अख्खं निघालं तर एक टोक निमुळतं दिसायला हवं. आमच्या कागदावरचा तुकडा सहाएक मिलिमीटरचा होता आणि दोन्ही टोकांना बोथट. कातडीखालची रेघ सेंटीमीटरची होती. बाकीचं आत होतं. टाचेवर बोट टेकवलं तेव्हा सईने पाय ओढून घेतला. छिद्रात नीट पाहिलं तर आता काहीच दिसत नव्हतं.

इथे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. जिंकत आलेल्या माणसाला थांबवणं अवघड असतं. बाबांना तर पातंही सापडलं होतं. पण घरगुती कामाची हद्द साधी आहे: टोक दिसतं तोवर चिमटा आपला. दिसेनासं झालं की आपण आंधळेपणाने मांस उकरत असतो, जखम मोठी करत असतो, आणि डॉक्टरांना शोधायला अवघड करून ठेवत असतो. काही वेळा तर चिमटा हातात घ्यायचाच नाही: तुकडा काचेचा असेल, सांध्याजवळ असेल, नखाखाली खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा मुलाला मधुमेह असेल तर. मी चिमटा खाली ठेवला, जखम पुन्हा साबणाने धुतली, कोरडी पट्टी लावली. रात्र झाली होती, रक्त थांबलं होतं, ताप नव्हता, म्हणून सकाळची वाट पाहिली.

झोपताना टाचेवर जिथवर लाली होती तिथे बॉलपेनने गोल आखून ठेवला. लाली रेघेबाहेर पसरली, टाच गरम लागली, ठणका वाढत गेला, पू दिसला, पायावरून वर चढणारी लाल रेघ आली किंवा ताप भरला, तर सकाळपर्यंतही थांबायचं नसतं. सकाळी लाली रेघेच्या आतच होती. सईने मात्र गोलात डोळे आणि तोंड काढून टाच सजवली होती.

डॉक्टरांनी टाच दाबली, कागदावरचा तुकडा बघितला आणि सोनोग्राफी लिहून दिली. "एक्स-रे का नाही?" असं बाबांनी विचारलं, कारण त्यांना एक्स-रेचं दुकान माहीत होतं. लाकूड एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही; काच आणि धातू दिसतात. सोनोग्राफीत ते पांढऱ्या रेघेसारखं उमटलं. टाच सुन्न करणारं इंजेक्शन, कुसळाच्या दिशेने बारीक छेद, आणि चार मिलिमीटरचा निमुळता तुकडा बाहेर. इंजेक्शनला सई रडली. छेद कधी दिला ते तिला कळलंही नाही.

आईला आता धनुर्वाताचं इंजेक्शन हवं होतं. "टीटी टोचा, मगच आम्ही घरी जातो," असं तिने डॉक्टरांना बजावलं. डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. ताईने नवऱ्याला फोन केला, त्याने कपाटाचे सगळे कप्पे बाहेर काढले, शेवटी विजेच्या बिलांच्या फाइलीत ते सापडलं आणि त्याचा फोटो आला. पाच वर्षांची असताना तिने डीपीटीचा दुसरा बूस्टर घेतला होता. डॉक्टर म्हणाले, प्राथमिक डोस पूर्ण आहेत, शेवटच्या डोसला पाच वर्षं झालेली नाहीत, जखम मातकट असली तरी आता गरज नाही. आईला ते पटलं नाही, पण कार्डावर शिक्का होता आणि शिक्क्यापुढे ती वाद घालत नाही.

सईचा पुढचा डोस दहाव्या वर्षी, टीडीचा, आणि त्यानंतरचा सोळाव्या वर्षी. तुमच्या घरातलं मुलांचं कार्ड कुठल्या फाइलीत आहे, तेवढं आज बघून ठेवा.