हायड्रा कुणाची?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात बैठक बसत नाही, उभी राहते. मुंबईतल्या कर्नाक बंदराकडचा पोलादाचा व्यापार सिडकोने इकडे आणला. इथे ऑफिसं आली, गोदामं आली, काटे आले, पण टेबलाभोवती शांतपणे बसायची सवय काही आली नाही. शेठ एका कानाला फोन लावून बोलतात, डिस्पॅचवाला दारात उभा राहून ट्रेलर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला हात करत असतो, आणि बैठकीची टिपणं ज्याच्या हाताला मोबाईल सापडेल तो ग्रुपवर टाकतो. रात्री त्यांचा मेल करणं हे माझं काम.

परवाच्या गुरुवारची टिपणं जशीच्या तशी देते:

नागपूर गाडी सिन्नरला उभी
ईवे उद्या संपतंय, आजच वाढवा
नाशिक पार्टी काटा फरक 140
बघून घ्या
हायड्रा??
हो 👍

एवढ्यात अर्ध्या तासाची बैठक आहे. नवख्या माणसाला वाटतं, मेल करायचा म्हणजे याला जरा इस्त्री फिरवायची. ‘आदरणीय महोदय’ घालायचं, ‘ईवे’ऐवजी ‘ई-वे बिल’ लिहायचं, अंगठा काढून टाकायचा. तसा मेल दिसायला छान होतो आणि शुक्रवारी रात्री गाडी रस्त्यात पकडली जाते. कारण कोण करणार आणि कधीपर्यंत, या दोन गोष्टी चॅटमध्ये मुळात नसतातच. त्या बाहेरून शोधून आणाव्या लागतात.

आता ‘उद्या’च घ्या. गुरुवारी संध्याकाळी लिहिलेला ‘उद्या’ शुक्रवार असतो. तोच निरोप शुक्रवारी सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्याला शनिवार वाटतो. म्हणून मेलमध्ये मी वार, तारीख आणि वेळ लिहिते. पण वेळ लिहायची कुठली? शेठ म्हणाले ‘आजच’, म्हणून गुरुवार लिहावा, तर ते काम गुरुवारी होणारच नव्हतं.

त्याचं असं आहे. मालाच्या ई-वे बिलाला साधारण दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. नागपूर 800 किलोमीटरच्या आत धरलं, म्हणजे चार दिवस. बिल सोमवारी दुपारी काढलेलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार करत मुदत शुक्रवारी मध्यरात्री संपते. इथवर टिपण बरोबर आहे. पण मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढीच उघडी असते. म्हणजे शुक्रवारी दुपारी चारपासून शनिवारी सकाळी आठपर्यंत. गुरुवारी कुणी कितीही तत्परतेने पोर्टल उघडून बसला तरी पोर्टल त्याला हात लावू देणार नाही.

बरं, वाढवणार कोण? बैठकीत सगळ्यांनी अकाउंटच्या मुलाकडे पाहिलं, कारण बिल त्याने काढलं होतं. पण माल ज्याच्या गाडीत आहे तो ट्रान्सपोर्टर मुदत वाढवतो. गाडी आत्ता कुठे आहे, का थांबली, अजून किती किलोमीटर जायचंय, हे भरावं लागतं, आणि उरलेल्या अंतरावरच पुढची मुदत ठरते. अकाउंटच्या मुलाच्या नावावर ‘ई-वे बिल वाढवणे’ लिहिलं असतं, तर त्याच्या हातात नसलेलं काम त्याच्या गळ्यात घातल्यासारखं झालं असतं. त्याच्या हातात काय आहे, तर ट्रान्सपोर्टरच्या मागे लागणं. म्हणून मेलमधली ओळ अशी झाली:

‘काम 1: ट्रान्सपोर्टरकडून ई-वे बिलाची मुदत वाढवून घेणे आणि नवी तारीख ग्रुपवर टाकणे. जबाबदारी: अकाउंट (इथे मी त्याचं नाव लिहिते, तुम्हाला सांगत नाही). शुक्रवार, दुपारी 4 ते 6. चारच्या आधी पोर्टल घेत नाही. सहापर्यंत झालं नाही तर शेठना फोन.’

सहा का? मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे की! आहे, पण ट्रान्सपोर्टरचं ऑफिस सातला बंद होतं. मुदत ही कामातून निघते. लिहिणाऱ्याच्या भिडेतून निघाली की तिचं ‘लवकरात लवकर’ होतं, आणि ते कॅलेंडरवर कुठल्याच चौकटीत सापडत नाही.

दुसरं टिपण, ‘काटा फरक 140, बघून घ्या’. आपल्या काट्यावर निव्वळ वजन नाशिकच्या काट्यापेक्षा 140 किलो जास्त. ‘बघणे’ हे काम झालं की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. जो तो बघून झालेलाच असतो. म्हणून मी काट्यावरच्या काकांना फोन केला आणि विचारलं, काय बघणार? काका शहाणे. म्हणाले, “ताई, पावतीवरची वेळ बघायची. रिकाम्या गाडीचं वजन झाल्यावर ड्रायव्हरने डिझेल भरलं, मग माल भरून काट्यावर आला, तर डिझेल मालात मोजलं जातं.” मी आकडेमोड केली. डिझेल लिटरला पाऊण किलोच्या वर, साधारण 0.83 किलो. 140 किलो म्हणजे जेमतेम 170 लिटर. ट्रेलरच्या टाकीला हे काहीच नाही. म्हणजे आम्ही नाशिकच्या पार्टीला लोखंडाच्या भावात डिझेल विकलं असण्याची शक्यता होती, आणि तेही त्याच्या टाकीत न ओतता. मेलमध्ये मात्र एवढंच लिहिलं: आपल्या रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या दोन पावत्या, नाशिकच्या दोन पावत्या आणि डिझेलचं बिल, चारही पावत्यांवरच्या वेळांसकट, शनिवारी 12 पर्यंत शेठच्या टेबलावर. जबाबदारी काकांची. पार्टीशी बोलणं शेठचं, सोमवारी.

शेठच्या नावापुढे काम लिहिणं हा नाजूक भाग. खाली सह्या करणारे आपण, वर नाव त्यांचं. त्यांना मी आधी विचारते, “साहेब, सोमवार लिहू का मंगळवार?” त्यात काम त्यांचंच हे आपोआप येतं. आणि बाकीच्यांनाही नाव टाकण्याआधी फोन करते. न विचारता नाव छापून आलं की माणूस मेल एफआयआरसारखा वाचतो.

आता ‘हो’ आणि अंगठा. चॅटमध्ये होकार शेवटच्या निरोपाखाली पडतो, पण तो तीन निरोप आधीचा असू शकतो. डिस्पॅचवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘हो’ जेवणाच्या डब्यासाठी होता.

राहिली हायड्रा. क्रेन कुणी मागितली, कशासाठी, कोणत्या दिवशी, कुणालाच आठवेना. अशा वेळी नाव शोधून चिकटवायचा मोह होतो, तो मी आवरते. मेलच्या तळाशी ‘नाव न ठरलेली कामं’ असा कप्पा ठेवला, त्यात लिहिलं, ‘हायड्रा: कुणाला हवी? शुक्रवार 11 पर्यंत कळवा, नाहीतर हे काम रद्द समजू.’ मग गोदामवाले मेल उघडत नाहीत म्हणून प्रत्येकाची आपापली ओळ कापून त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकली. म्हणजे चॅटचा मेल झाला आणि मेलचा परत चॅट झाला, पण यावेळी नाव-वेळेसकट.

वरच्या कामांना कुणी उत्तर दिलं नाही, ती मुकाट झाली. हायड्राच्या ओळीला मात्र चार उत्तरं आली, चौघांचंही म्हणणं एकच, मी नाही. काम रद्द धरलं. सोमवारी सकाळी दहाला हायड्रा गेटवर हजर. कुणी बोलावली हे अजून कुणी कबूल केलेलं नाही, आणि तिचं भाडं कुणाच्या खात्यावर टाकायचं ते येत्या गुरुवारच्या बैठकीत आहे.